ड्रायर की स्ट्रेटनर? मुंबईच्या दमट हवेत केस सरळ ठेवणाऱ्यांसाठी

पावसाळा सुरू झाला की ओळखीतल्या निदान दोघी-तिघी मला विचारतात की स्ट्रेटनर घेऊ की चांगला ड्रायर. मी प्रत्येकीला आधी एकच विचारते, "केस पूर्ण वाळल्यावर इस्त्री करतेस की ओलसर असताना?" कारण केस कुठल्या तापमानाला बिघडतो, हे त्याच्या आतल्या पाण्यावर ठरतं.

केस म्हणजे मुख्यतः केराटिन हे प्रथिन. केस अगदी कोरडा असेल तर या प्रथिनाची घडण मोडायला साधारण दोनशे अंशांच्या वरचं तापमान लागतं. तोच केस पाणी प्यालेला असेल तर ते दीडशेच्या आसपासच मोडायला लागतं. म्हणजे १८५ वर ठेवलेला स्ट्रेटनर वाळलेल्या केसाला बराचसा सोसतो आणि ओलसर केसाला जाळतो. शिवाय ओल्या केसातलं पाणी तापलेल्या पट्ट्यांमध्ये सापडलं की त्याची वाफ होते. वाफेला बाहेर पडायला वाट मिळत नाही, मग केसाच्या आत बारीक फुगे धरतात आणि केस नेमका तिथेच तुटतो. कर्लिंगची कांडी १२५ अंशांवर मिनिटभर लावून ठेवली तरी असे फुगे आलेले संशोधकांनी पाहिले आहेत. "कमीवर ठेवलंय, चालेल" हे ओल्या केसाला म्हणूनच लागू पडत नाही.

कोरड्या केसालाही दोनशेच्या खाली सगळं माफ असतं असं नाही. रोज, त्याच बटेवर, पट्टी सावकाश ओढत फिरवली तर दीडशेच्या पुढे प्रथिनाचे बारीकसारीक घटक जळत जातात. कलर केलेले किंवा ब्लीच केलेले केस तर आधीच कमजोर झालेले असतात. त्यांना मी १५० च्या वर नेत नाही.

माझ्या धाकट्या नणंदेचं उदाहरण देते. ती मुलुंडला राहते, नोकरी दादरला. केस खांद्यापर्यंत, लाटांचे, पुढे दोन्ही बाजूंना रंगवलेल्या बटा. गेल्या जुलैत आली ती तक्रार घेऊनच. "वहिनी, २३० वर ठेवते गं, तरी दादरला उतरेपर्यंत परत तसेच होतात."

मी तिला माझ्यासमोर करायला लावलं. आंघोळीनंतर पंधरा मिनिटं टॉवेल गुंडाळलेला, मग थेट स्ट्रेटनर. पहिल्याच बटेला तव्यावर पाण्याचा थेंब पडल्यासारखा चर्र आवाज आला आणि वाफ निघाली. पुढची बट बोटांत धरून खिडकीजवळ नेली तेव्हा केसांवर पांढरे ठिपके दिसले. बोटाला ते बारीक गाठीसारखे लागत होते, आणि जरा ताण दिल्यावर केस ठिपक्याशीच तुटले. कपाळालगत दोन-तीन इंचांचे तुटके केस उभे राहिले होते. तिला ते नवीन उगवलेले वाटत होते, पण नव्या केसाचं टोक निमुळतं असतं आणि हे बोथट होते.

आता २३० वर ठेवूनही केस का टिकत नव्हते, ते सांगते. इस्त्रीने केस सरळ राहतो तो त्याच्या आतल्या तात्पुरत्या बंधांमुळे. पाणी गेलं की ते बंध नव्या आकारात बसतात, पाणी परत आलं की सुटतात. जुलैच्या लोकलमध्ये, दारातून पावसाचे तुषार येत असताना आणि अंगाला अंग लागलेलं असताना, केस हवेतली ओल ओढून घेणारच. आकडा वाढवून हवेतली ओल अडत नाही, केस तेवढा जळतो. टिकण्याचा संबंध इस्त्रीच्या आधी केस किती पूर्ण वाळला होता याच्याशी जास्त आहे. वाळवण्याचं ते काम ड्रायरचं.

ड्रायरवर अंश लिहिलेले नसतात, नुसतं लो, हाय आणि कूल असतं. तिथे अंतर हेच तुमचं बटण. कोरियातल्या एका प्रयोगात (२०११) केसापाशी १५ सेंटीमीटरवर सुमारे ४७ अंश भरले, १० वर ६१ आणि ५ सेंटीमीटरवर थेट ९५. जवळ नेलं तसा केसाचा पृष्ठभाग जास्त खराब झाला. पण नुसते हवेवर वाळवलेल्या केसांतही, बराच वेळ ओले राहिल्याने, आतल्या पेशींना चिकटवून ठेवणारा थर बिघडलेला दिसला. वीतभरापेक्षा थोडं कमी अंतर ठेवून ड्रायर सतत हलता ठेवणं सगळ्यांत बरं ठरलं. आपल्याकडे पावसाळ्यात जाड केस तासन्‌तास वाळत नाहीत, म्हणून मला हा निष्कर्ष फार कामाचा वाटतो.

ड्रायर केस बिघडवतो तो दोन प्रकारे. एकाच जागी धरून ठेवल्याने, आणि मागच्या जाळीत केस-धूळ अडकल्याने. जाळी तुंबली की हवा कमी ओढली जाते आणि जी बाहेर येते ती नको इतकी तापते. नेहमीच्या अंतरावरही टाळूला चटका बसायला लागला, तर आधी ती जाळी जुन्या टूथब्रशने साफ करा.

नणंदेचा क्रम मग आम्ही बदलला. जुन्या सुती टीशर्टने दाबून पाणी टिपायचं, घासायचं नाही. मग ड्रायर लो वर, वीतभर लांबून, मुळांकडून शेंड्यांकडे. केस जवळपास वाळले की गोल ब्रश लावून ओढत वाळवायचे आणि शेवटचा मिनिटभर कूल. तिला दहा-बारा मिनिटं लागली, आणि लाटांचे केस तेवढ्यानेच निम्मे सरळ झाले. स्ट्रेटनर उरला फक्त वरच्या थरासाठी. आकडा १७०, रंगवलेल्या बटांना १५०, दोन बोटं रुंदीची पातळ बट, एकच फेरा, न थांबता. आवाज आला किंवा वाफ दिसली तर थांबून पुन्हा ड्रायर.

संध्याकाळी शेंडे थोडे वळतातच, ते मी तिला आधीच सांगितलं होतं. पण दादरला उतरताना केस सरळ असतात.

तर घेताना काय बघावं? एकच वस्तू परवडणार असेल आणि केस लाटांचे किंवा साधारण सरळ असतील, तर ड्रायरच घ्या. कूलचं बटण आणि निघणारी जाळी मात्र बघून घ्या. दाट कुरळे केस ज्यांना काचेसारखे सरळ हवेत, त्यांचं ड्रायरवर भागणार नाही, त्यांनी दोन्ही घ्यावीत. स्ट्रेटनर घेताना आकडा दाखवणारा आणि १५० किंवा त्याखाली उतरणारा घ्या. नुसता चालू-बंदचा दिवा असलेला, एकाच तापमानाला तापणारा स्वस्तात मिळतो, पण तो बऱ्याचदा दोनशेच्या आसपास असतो आणि रंगवलेल्या केसांसाठी तो कमी करायची सोयच नसते. ओल्या केसांवर चालतो असं खोक्यावर लिहिलेलाही मी घेत नाही.

नणंदेच्या पुढच्या बटा ठिपक्यांच्या वर कापाव्या लागल्या. फुगा धरलेला केस कुठल्याही सीरमने किंवा मास्कने पूर्ववत होत नाही. आता त्या हनुवटीपर्यंत आल्या आहेत, आणि या वाढलेल्या भागावर ठिपके नाहीत.