लांब केसांचा फर थ्रो आणि प्लश कव्हरं, वर्षभर वापरल्यावर

सोफ्यावर टाकायला लांब केसांचा कृत्रिम फरचा थ्रो आणि आखूड लवेची प्लश कुशन कव्हरं घेतली त्याला वर्ष होत आलं, वापर अगदी रोजचा.

पहिले काही आठवडे केस गळाले, पण ते बहुतेक कापलेल्या कडांचे सुटे केस होते, थ्रो बाहेर नेऊन जोरात झटकत राहिले तसं कमी होत गेलं. खरी परीक्षा मधल्या भागाची. तिथले थोडे केस चिमटीत धरून हलकेच ओढा, पुंजकाच हातात आला तर मागच्या विणीची पकड सुटतेय असं समजा, मग धुऊन-विंचरून काही उपयोग नाही. माझ्या थ्रोमध्ये अजून एखाददुसराच केस येतो, त्यामुळे मी खूश आहे.

गुंत्याचं म्हणाल तर तो जिथे पाठ आणि मान टेकते तिथेच झाला, बाकी थ्रो नव्यासारखा. घासणं, अंगाची ऊब आणि त्वचेचं तेल तिन्ही एकाच जागी. केस बाजूला करून बघितलं तर वरचे लांब केस तसे सरळच होते, खालचे बारीक आखूड केस एकमेकांत अडकून चिकट थर झाला होता. म्हणून नुसतं वरून ब्रश फिरवून भागत नाही. मांजर-कुत्र्यांसाठी मिळतो तो बारीक वाकड्या तारांचा ब्रश घ्यायचा, एका हाताने बुडाशी कापड धरायचं म्हणजे विणीवर ताण येत नाही, आणि आधी टोकं मोकळी करत करत मग खाली मुळाकडे जायचं.

तेल असेल तर आधी धुवा. बादलीभर गार पाण्यात थोडंसं सौम्य लिक्विड डिटर्जंट, थ्रो वरखाली बुचकळायचा, चोळायचा नाही, पिळायचा तर अजिबात नाही. साबण पूर्ण जाईपर्यंत खळबळायचा, कारण राहिलेल्या साबणाने केस परत चिकटतात, फॅब्रिक सॉफ्टनरचंही तेच. मग टॉवेलात गुंडाळून दाबायचा आणि सावलीत आडवा पसरायचा, ओला थ्रो जड असतो, दोरीवर टाकला की ताणला जातो. किंचित दमट असतानाच विंचरला की केस छान उभे राहतात.

ड्रायर मात्र नकोच! एक कव्हर घरातल्या कोणीतरी गरम ड्रायरमध्ये टाकलं, लवेची टोकं आक्रसून खरखरीत झाली. हे केस प्लॅस्टिकच्याच जातीचे, अॅक्रिलिक नाहीतर पॉलिएस्टर, उष्णतेने एकदा वाकडे झाले की परत सरळ होत नाहीत. गुंता आणि हे यातला फरक बोटांना लगेच कळतो, गुंता ब्रशने थोडा तरी सुटतो, आक्रसलेलं टोक कडकच लागतं. तिथे छोट्या कात्रीने टोकं छाटणं एवढंच हातात राहतं, ते मी केलं, कव्हर आता जरा विरळ दिसतं पण गालाला टोचत नाही.

थ्रोला पाचपैकी चार, कव्हरांना तीन, आखूड लव दबली की लांब केसांसारखी विंचरून वर येत नाही म्हणून.