कर्जाच्या मंजुरीपत्राचं मराठी भाषांतर, आठ महिने वापरल्यानंतर

मामाने आयुष्यात पहिल्यांदा दुकानासाठी बँकेचं कर्ज घेतलं, पाच लाखांचं कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत पाहिजे तेव्हा पैसे काढायचे आणि परत भरायचे असं खातं, आणि दुकान कर्नाटकात असल्यामुळे मंजुरीपत्र आलं कन्नडमध्ये. मामाला कन्नड तुटकं बोलता येतं पण वाचता येत नाही. आधी त्याने ओळखीच्या एका माणसाकडून शब्दाला शब्द लावून भाषांतर करून घेतलं, मग सही करायच्या आदल्या दिवशी मला फोन केला, कारण माझी शाळा कन्नडमधून झालीय आणि मी हिशेबाचं काम करते. मी एका रात्रीत साडेतीन पानांचं मराठी करून दिलं. आता आठ महिने तो कागद गल्ल्याच्या खणात आहे, त्यातलं काय उपयोगी पडलं आणि मी कुठे कमी पडले ते लिहितेय, पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्या कोणाला तरी कामाला येईल.

पहिली गोष्ट, अवघड शब्दांनी आम्हाला त्रास दिलाच नाही. त्रास दिला ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांनी. कन्नडमध्ये 'साल' म्हणजे कर्ज, आणि 'मिती' म्हणजे मर्यादा. पहिल्या भाषांतरात 'सालद मिती' हे तसंच ठेवलं होतं आणि मामाने ते वर्षाची तारीख असं वाचलं, म्हणजे पाच लाख ही रक्कम अमुक तारखेपर्यंत मिळणार असं काहीतरी. खरं तर ती कर्जाची मर्यादा होती. तसंच 'सुस्ती'. मराठीत सुस्ती म्हणजे आळस, पण तिकडच्या बँकेच्या भाषेत सुस्ती म्हणजे थकबाकी, आणि 'सुस्तीदार' म्हणजे थकबाकीदार. मामाला वाटलं व्यवहारात ढिलाई नको अशी सूचना असेल, आणि तो ती ओळ सोडून पुढे गेला, जी ओळ दंडाची होती. 'अवधी 12 तिंगळु' यावर तर त्याची झोप उडाली, बारा महिन्यांत पाच लाख कुठून फेडणार म्हणून. कॅश क्रेडिटमध्ये ती मुदत नूतनीकरणाची असते, म्हणजे वर्ष झालं की बँक खातं, हिशेब आणि विक्री बघून मर्यादा पुढे चालू ठेवते, वाढवते किंवा कमी करते. हप्ते नसतात. हे मी ठळक लिहिलं होतं आणि ते चांगलं टिकलं.

'अडमान' याचं पहिल्या भाषांतरात नुसतं 'गहाण' झालं होतं. मामी म्हणाली, "अगं, सगळा माल गहाण म्हणजे आता विकायचा कसा?" रास्त प्रश्न आहे, सोनं गहाण ठेवलं की ते बँकेच्या तिजोरीत जातं ना. इथे मराठी बँकांचा शब्द वापरायचा, नजरगहाण. माल दुकानातच राहतो, रोज विकायचा, नवीन भरायचा, फक्त त्याच्यावर बँकेचा हक्क असतो, आणि बँकेचा माणूस कधीही येऊन मोजून जाऊ शकतो. हाच माल दुसऱ्या कोणाकडे तारण ठेवायचा नाही. विम्याची अट पण यातूनच येते, विमा मामाच्या खर्चाने पण त्यात बँकेचं नाव. हे एकदा समजल्यावर मामी निवांत झाली आणि जामीनदार म्हणून सही पण तिनेच केली, आणि त्या सहीचा अर्थ मी तिला वेगळा बसवून सांगितला, की मामाने नाही भरले तर बँक थेट तुझ्याकडे मागू शकते.

आता जिथे मी चुकले ते. पत्रात 'मार्जिन 25%' असा शब्द होता, कन्नड लिपीत पण इंग्रजीच. मला वाटलं दुकानदाराला मार्जिन काय समजावायचं, म्हणून तसाच ठेवला. आणि दुकानदाराच्या डोक्यात मार्जिन म्हणजे नफा! मामाने समजून घेतलं की बँक विचारतेय तुमचा नफा 25 टक्के आहे का, आणि त्याच्या धंद्यात एवढा सुटत नाही म्हणून तो गप्प बसला. त्याच ओळीत पुढे 'ड्रॉइंग पॉवर' होतं, त्याचं मी 'उचल क्षमता' असं केलं, शब्द बरोबर आहे पण हिशेब करून दाखवला नाही. ते महागात पडलं.

हिशेब असा. मंजूर मर्यादा पाच लाख ही वरची हद्द झाली. प्रत्यक्षात किती उचलता येतील ते दर महिन्याच्या माल-पत्रकावरून ठरतं, ज्याला बँकेत सगळे स्टॉक स्टेटमेंट म्हणतात. दुकानातला माल घ्यायचा खरेदी किमतीने, एमआरपीने नाही (मामाने पहिल्या महिन्यात एमआरपी लावली होती, बँकेने परत पाठवलं). त्यातून घाऊक व्यापाऱ्यांचे उधार राहिलेले पैसे वजा करायचे. जे उरलं त्याच्या 25 टक्के तुमचे स्वतःचे, हेच ते मार्जिन, आणि बाकी 75 टक्के बँकेचे. जो आकडा येईल तो आणि पाच लाख यात जो कमी तो लागू.

सुरुवातीला माल 8,00,000 चा आणि उधारी 50,000, म्हणजे 7,50,000 च्या 75 टक्के 5,62,500, त्यामुळे पूर्ण पाच लाख मिळाले आणि आम्हा सगळ्यांचा समज पक्का झाला की पाच लाख म्हणजे पाच लाख. तिसऱ्या महिन्यात सणाच्या आधी मामाने बराच माल उधारीवर भरला. पत्रकात माल 7,20,000 आणि उधारी 2,80,000. राहिले 4,40,000, त्याच्या 75 टक्के 3,30,000. आणि खात्यात उचल होती 4,10,000. म्हणजे दुकान मालाने भरलेलं, गिऱ्हाईक येतंय, आणि बँकेच्या लेखी मामा 80,000 ने हद्दीबाहेर. बँकेने नवीन आकडा खात्याला लावला आणि एका व्यापाऱ्याला दिलेला 35,000 चा चेक परत गेला.

मामा फोनवर नुसता म्हणत होता, "अगं माझी मर्यादा पाच लाख आहे, तूच लिहिलंयस." आणि मीच लिहिलं होतं. मला खूप वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी जाऊन बसले आणि त्याला एवढंच सांगितलं की उधारीवर आणलेला माल तुझ्या दुकानात असला तरी त्यात पैसा व्यापाऱ्याचा अडकलाय, बँकेचं म्हणणं असं की ज्या मालाला व्यापारी पैसे पुरवतोय त्याला आम्ही परत कशाला पुरवू. हे त्याला लगेच पटलं, कारण तो स्वतः पण उधारीच्या वहीत असाच विचार करतो.

80,000 भरून हद्दीत यायला 19 दिवस गेले. दंड किती लागला ते बघून मामाला आश्चर्य वाटलं, 2 टक्के वर्षाला आणि तेही फक्त हद्दीबाहेरच्या रकमेवर, म्हणजे शंभर रुपयांच्या आतच. पत्रात हा दंड व्याजासारखा लिहिलेला होता म्हणून मी शाखेत विचारलं, कारण रिझर्व्ह बँकेच्या 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाप्रमाणे दंड हा वेगळा आकार म्हणून घ्यायचा, व्याजदरात मिसळायचा नाही आणि त्या दंडावर पुन्हा व्याज लावायचं नाही, नवीन कर्जांना हे 1 एप्रिल 2024 पासून लागू आहे. त्यांनी सांगितलं मजकूर जुन्या छापील नमुन्यातला आहे, आकारणी नवीन नियमानेच होते, आणि उतारा तपासला तर तसंच होतं. पण खरं नुकसान दंडाचं नव्हतंच, चेक परत गेल्यावर त्या व्यापाऱ्याने पुढचे दोन महिने मामाला रोखीशिवाय माल दिला नाही.

आणि हे हद्दीबाहेर राहणं हलक्यात घेऊ नका. सलग 90 दिवस उचल हद्दीच्या वर राहिली, किंवा 90 दिवसांत खात्यात लागलेल्या व्याजाएवढासुद्धा भरणा झाला नाही, तर खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, ठरतं. पत्रक द्यायचा कंटाळा केला तरी तिथेच पोचतो, कारण तीन महिन्यांपेक्षा जुन्या पत्रकावर काढलेली उचल अनियमित धरतात. आता मामी दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुकान बंद झाल्यावर माल आणि उधारी लिहिते, आणि मामा मोठी उधारी करायच्या आधी तिला विचारतो की याने आकडा कुठे जाईल.

एक अट मात्र मी लिहिल्यापेक्षा जास्त फायद्याची निघाली, व्याज रोजच्या शिलकीवर लागतं ही. पत्रात ते एका ओळीत होतं आणि मी पण एका ओळीत उरकलं. मामाचा दर 11 टक्के. तीस दिवस तीन लाख उचललेले ठेवले तर महिन्याचं व्याज साधारण 2,712 रुपये. तेच वीस दिवस तीन लाख आणि दहा दिवस एक लाख असेल तर साधारण 2,110. पैसे तेच, फक्त विक्रीची रक्कम घरी कपाटात न ठेवता खात्यात टाकली. पाहिजे तेव्हा हद्दीत परत काढता येते. पाचव्या महिन्यापासून मामा एक दिवसाआड भरणा करतो आणि उतारा आला की पहिली व्याजाची ओळ बघतो.

जी अट अजून नीट पाळली गेलेली नाही ती आहे सगळी विक्री याच खात्यातून फिरवायची. दुकानातला क्यूआर कोड अजून जुन्या बचत खात्याला जोडलेला होता, हे आम्हाला गेल्या महिन्यात कळलं, कारण मी भरणा जोडून बघितला आणि आठ महिन्यांत फक्त 11 लाख दिसले. विक्री त्यापेक्षा खूप जास्त आहे. मर्यादा ठरवताना बँकेने अपेक्षित वार्षिक विक्री 25 लाख धरून त्याच्या 20 टक्के म्हणजे पाच लाख दिले होते, छोट्या धंद्याला हीच पद्धत लावतात, त्यामुळे नूतनीकरणाच्या वेळी खात्यात विक्री कमी दिसली तर मर्यादा कमी व्हायची भीती आहे. क्यूआर बदलून घेतला. जुन्या खात्याचे उतारे काढून ठेवलेत, म्हणजे आधीची विक्री तिकडे गेली हे कागदावर दाखवता येईल.

भाषांतराचा कागद मी आता नवीन केलाय. त्यात 'मार्जिन' हा शब्दच नाही, 'आपला स्वतःचा वाटा' असं लिहिलंय, आणि उचल क्षमतेच्या खाली तिसऱ्या महिन्याचाच हिशेब उतरवलाय, 7,20,000 पासून 3,30,000 पर्यंत, कारण तो मामाला पाठ आहे. कन्नड मूळ ओळ प्रत्येक अटीच्या वर ठेवलीय, म्हणजे शाखेत काही बोलायचं झालं तर मामा बोट ठेवून दाखवू शकतो की मला या ओळीबद्दल विचारायचंय. नूतनीकरणाला अजून चार महिने आहेत, नवीन पत्र आलं की सही करायच्या आधी ते या कागदाशेजारी ठेवून ओळ ओळ ताडून बघणार आहोत, विशेषतः मर्यादा, आपला वाटा आणि दंड या तीन जागा.