शेवटचं टिपण आधी वाचायचं का नंतर?

सांगलीत आयर्विन पुलावर मैत्रिणीशी यावरनं वाद झाला. मार्गारेट ॲटवुडची ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) ही कादंबरी तिनं मागनं सुरू केली, म्हणजे शेवटचं ‘हिस्टॉरिकल नोट्स’ आधी वाचलं. ते पण कथेतलंच, २१९५ सालच्या परिषदेतलं प्राध्यापकाचं भाषण. त्यामुळं गोष्टीतली गिलियडची जुलमी राजवट पडली हे तिला पहिल्याच पानाला माहीत, मग भीती कसली राहणार!

मी नंतर वाचलं. नायिका काळ्या गाडीत चढते, पुढं काय ते कळत नाही आणि मग हे भाषण सांगतं की आपण वाचलं ते तिनं लिहिलेलंच नाही, तीसेक कॅसेटवरचा तिचा आवाज प्राध्यापकांनी अंदाजानं क्रम लावून उतरवलाय. वर परिषदेतल्या श्रोत्यांचा हशा, टाळ्या. मला तर हे नंतरच बरं वाटलं बाबा, चिडून परत पहिलं पान काढलं.