भूजलाचं भाषण: टक्के सांगावेत की फूट?

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी, रायबाग, चिकोडी भागातल्या कुणाला भूजलाबद्दल जिल्हा पातळीवरच्या बैठकीत दहा मिनिटं बोलायची वेळ आली, तर त्याच्यासमोर साधारण दोन मसुदे असतात. एकात तालुक्याची टक्केवारी असते: वर्षाला जमिनीत मुरणाऱ्या वापरण्याजोग्या पाण्यापैकी आपण किती उपसतो. दुसऱ्यात गावातल्या विहिरींची पाणीपातळी असते: आठ वर्षांपूर्वी मे महिन्यात पाणी किती खोल होतं आणि आता किती खोल आहे. दोन्ही खरे, दोन्ही सरकारी पद्धतीत बसणारे. पण दहा मिनिटांत दोन्ही सांगायला गेलं की एकही लक्षात राहत नाही, म्हणून निवड करावी लागते.

आधी टक्केवारीचा मसुदा. तो साधारण असा वाचला जातो:

«आमच्या तालुक्याचा भूजल उपशाचा टप्पा ६९.७ टक्के आहे. सत्तरच्या वर गेलो की आपण अंशतः शोषित वर्गात जातो, नव्वदच्या वर शोषित, आणि शंभरच्या वर अतिशोषित.»

(हा आकडा मी उदाहरणापुरता घेतला आहे. वर्गांच्या सीमा मात्र केंद्रीय पद्धतीतल्याच आहेत.) या मसुद्याची ताकद अशी की अधिकारी हीच भाषा रोज फाइलमध्ये वाचतात. निधी, परवानग्या, निर्बंध वर्गावरून ठरतात. कर्नाटकात २०११ चा भूजल कायदा आहे आणि त्यानुसार अधिसूचित भागात नवी विहीर किंवा बोअर घ्यायला परवानगी लागते. तुमची मागणी तालुकाभरच्या बोअर परवानग्यांबद्दल असेल, तर टक्केवारीशिवाय गत्यंतर नाही.

पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात हा आकडा वेगळाच बसतो. ‘सत्तर टक्के’ ऐकलं की वाटतं, टाकीतलं सत्तर टक्के पाणी संपलं, तीस टक्के शिल्लक आहे. खरं तर हा वर्षभरातल्या उपशाचा आणि भरणीचा हिशेब आहे. जमिनीत साठा किती उरला, हे तो सांगत नाही. शिवाय तो अख्ख्या तालुक्याचा असतो. अथणीत कृष्णेकाठची शिवारं आणि पूर्वेकडचा कोरडवाहू माळ एकाच आकड्यात मिसळतात. कालव्याचं पाणी मुरतं तेही भरणीत धरलं जातं, म्हणून तालुका ‘सुरक्षित’ दिसत असतानाच माळावरच्या विहिरी आटत असतात. जिल्ह्याची सरासरी तर आणखी फसवी, कारण खानापूरच्या पश्चिम घाटाकडच्या भागात पडणारा पाऊस आणि अथणीचा पाऊस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सीमेजवळच्या टक्क्यांना गोल करणंही धोक्याचं. ६९.७ आणि ७०.३ या दोहोंचे गोल आकडे ‘सत्तर’, पण पहिला सुरक्षित वर्गात आणि दुसरा पुढच्या वर्गात. अशा ठिकाणी आकडा गोल करू नये. ‘सत्तरच्या काठावर आहोत, अजून खाली’ किंवा ‘काठ ओलांडला’ असं बोलावं.

दुसरा मसुदा विहिरींचा. तोच मी निवडतो, पण त्याचा हिशेब चोख हवा. म्हणून एक गाव समजा, अथणीच्या पूर्वेकडचं, काळ्या खडकावरचं, एक हजार हेक्टर म्हणजे अडीच हजार एकर शिवाराचं. सहा उघड्या विहिरी. आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, तुमच्या गावचे तुम्ही मोजून घाला. मे २०१६ मध्ये जमिनीपासून पाणी अनुक्रमे ८.६, ९.४, १०.२, ११.१, १२.३ आणि १३.० मीटर खोल होतं. मे २०२४ मध्ये पहिल्या चार विहिरींत ते १०.९, ११.८, १२.७ आणि १३.७ मीटरवर गेलं. शेवटच्या दोन कोरड्या पडल्या.

आता इथे बहुतेक मसुदे घसरतात. २०१६ ची सहा विहिरींची सरासरी १०.८ मीटर आणि २०२४ ची उरलेल्या चार विहिरींची १२.३ मीटर, म्हणून फरक दीड मीटर, असं लिहिलं जातं. पण कोरड्या पडल्या त्या विहिरी आधीपासूनच सर्वांत खोल पाण्याच्या होत्या. त्या यादीतून गळल्या की सरासरी सुधारल्यासारखी दिसते. गावाचं सगळ्यात वाईट चित्र आकड्यातून आपोआप पुसलं जातं. योग्य रीत अशी की त्याच चार विहिरी दोन्ही वर्षांत घ्यायच्या. तेव्हा सरासरी ९.८३ वरून १२.२८ वर जाते, म्हणजे पाणी २.४५ मीटर खाली गेलं. कोरड्या विहिरी वेगळ्या मोजून सांगायच्या.

दुसरी चूक गोल करण्याच्या क्रमाची. ९.८३ चे १० केले, १२.२८ चे १२ केले आणि मग वजाबाकी केली, तर घट दोनच मीटर भरते, जवळजवळ दीड फूट कमी. आधी वजाबाकी, मग गोल. २.४५ मीटर म्हणजे आठ फूट. वर्षं आठ. वर्षाला एक फूट. इतकं साधं उत्तर दरवेळी मिळणार नाही, पण फूट आणि वर्ष या दोन्हींत सहज बोलता येईल असं रूप शोधायचं. भाषणातली मुख्य ओळ मग अशी होते:

«आमच्या गावात पाणी वर्षाला एक फूट खाली जातंय. आठ वर्षांत आठ फूट गेलं. सहापैकी दोन विहिरी कोरड्या पडल्या.»

तीन आकडे, बस्स. बैठकीचं कामकाज कन्नडमध्ये चालत असेल तर तीच ओळ आपण स्वतः कन्नडमध्ये म्हणावी: ‘वर्षक्के ओंदु अडी.’ भाषांतर करणाऱ्यावर सोडू नये, कारण ‘२.४५ मीटर’ दोनदा तोंडातोंडी गेलं की त्याचं काहीही होतं. ‘पातळी वाढली’ असा शब्दही टाळावा. खोलीचा आकडा वाढतो तेव्हा पाणी खाली गेलेलं असतं, आणि ऐकणारा नेमका उलट समजतो. ‘पाणी खाली गेलं’ म्हणावं.

वर्षं निवडताना प्रामाणिक राहिलंच पाहिजे, नाहीतर सभागृहातला एखादा जुना अभियंता अख्खं भाषण एका प्रश्नात उडवून देईल. ऑगस्ट २०१९ मध्ये आपल्याकडे पूर आला. त्यानंतरचा मे २०२० आणि २०२३ च्या दुष्काळानंतरचा मे २०२४ यांची तुलना केली, तर घट मोठी दिसेल, पण तिच्यातला बराच भाग पावसाचा असेल. २०१५ सालही दुष्काळाचंच होतं. म्हणून मी मे २०१६ आणि मे २०२४ घेतले: दोन्ही दुष्काळानंतरचे उन्हाळे. कोरड्याची तुलना कोरड्याशी, आणि मे ची मे शीच. मे आणि नोव्हेंबर एकमेकांसमोर ठेवले तर पावसाळ्याचा फरक मोजला जातो, वर्षांचा नव्हे.

विहीर आणि बोअर एकाच सरासरीत घालू नयेत. आपल्याकडच्या खडकात वरचा कुजलेला, मुरमाड थर उघड्या विहिरींना पाणी देतो आणि खोलवरच्या फटी बोअरना. बोअर किती फूट खोल मारली आणि पाणी किती फुटांवर उभं आहे, हेही वेगळं. ‘सातशे फुटांवर गेलो’ हे ऐकायला दणकट वाटतं, पण ते पाण्याच्या पातळीचं माप नाही.

मग कुणीतरी विचारेल, आठ फूट म्हणजे किती पाणी? इथे टीएमसी काढण्याचा मोह होतो. गावाच्या पातळीवर तो आकडा इतका छोटा निघतो की त्याचा काही अर्थच लागत नाही. त्याऐवजी हिशेब असा मांडा. काळा खडक अखंड पाण्याने भरलेला नसतो. वरच्या कुजलेल्या थरातून साधारण दोन टक्के जागेतलं पाणीच मोकळं होतं, जागेनुसार एक ते तीन टक्के. एक हजार हेक्टर, २.४५ मीटर आणि दोन टक्के यांचा गुणाकार सुमारे ५० कोटी लिटर येतो. पाच हजार वस्तीच्या गावाला माणशी रोज ५५ लिटर धरलं, तर वर्षाला दहा कोटी लिटर पिण्या-वापरायला लागतात. म्हणजे गेलेलं पाणी पाच वर्षांचं. खडक कंजूष निघाला आणि एकच टक्का धरला, तर अडीच वर्षांचं. भाषणात मी अडीचच सांगेन: ‘किमान अडीच वर्षांचं पिण्याचं पाणी गेलं.’ खालचा आकडा कुणाला खोडता येत नाही, आणि तोही पुरेसा गंभीर आहे. वरचा आकडा कागदावर ठेवा, कुणी विचारलं तर काढा.

या मसुद्याची मर्यादा उघड आहे. सहा विहिरींवरून तालुक्याबद्दल बोलता येत नाही, आणि तसं बोलू नये. एखादी विहीर ओढ्याकाठी किंवा कालव्याखाली असेल तर ती यादीत घेताना तसं लिहावं, कारण तिची पातळी गावची गोष्ट सांगत नाही. एका विहिरीशेजारी बोअर चालू असताना मोजलं तर पाणी तेवढ्यापुरतं खाली दिसतं. पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी मोजावं, दोरी किंवा टेप विहिरीच्या कठड्यापासून नव्हे तर जमिनीपासून धरावी. कठडा तीन फुटांचा असेल तर तीन वर्षांची घट नुसत्या कठड्यातच निघते.

म्हणून निवड मागणीवरून करा. अधिसूचना, परवानगी, तालुक्याचा वर्ग हवा असेल तर टक्केवारी पुढे ठेवा आणि विहिरींची ओळ पुरावा म्हणून जोडा. एखाद्या गावचं काम हवं असेल, म्हणजे पाझर तलावाचा गाळ किंवा वरच्या टप्प्यातले बंधारे, तर विहिरींचा मसुदा घ्या आणि टक्केवारी शेवटी एका वाक्यात. काय हवं ते जिल्हा पंचायतीच्या सीईओंना आणि कार्यकारी अभियंत्यांना एका वाक्यात सांगा, त्यांच्या हातात एक पान द्या. त्यावर सहाही विहिरींची खोली दशांशासह, मोजल्याची तारीख आणि सर्व्हे नंबर असावा. पीडीओंची, म्हणजे ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांची, सही घ्या. बोलताना गोल, कागदावर नेमकं, आणि दोन्हींची वजाबाकी एकच निघते का ते बैठकीच्या आदल्या दिवशी दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या.