आवाजाचा चेंडू आणि धावण्याची दोरी : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या शाळेत पूर्ण अंध आणि अंशतः दृष्टी असलेली मुले डोळस मुलांबरोबर एकाच वर्गात शिकतात. त्यांच्या खेळाच्या तासाला जूनपासून आम्ही आवाजाचा चेंडू आणि धावण्याची दोरी वापरत आहोत.

अंधांच्या क्रिकेटचा कडक प्लास्टिकचा चेंडू आत छर्रे असल्यामुळे खुळखुळतो, पण तो हलत असेपर्यंतच. थांबला की तो मुलासाठी नाहीसाच होतो. हवेतूनही त्याचा आवाज पुरेसा येत नाही. म्हणूनच या क्रिकेटमध्ये चेंडू खांद्याखालून, जमिनीलगत टाकतात. आम्ही झेलाचे खेळ बाजूला ठेवले आणि चेंडू घरंगळत पाठवण्याचे खेळ घेतले. सिमेंटच्या अंगणात चेंडू स्पष्ट ऐकू येतो, गवतावर मात्र आवाज दबतो. अंगणात सीमारेषेसाठी सुतळी अंथरून तिच्यावर चिकटपट्टी लावली, त्यामुळे रेषा तळपायाला कळते. गोलबॉल या अंधांच्या खेळाच्या मैदानावर हीच पद्धत असते.

दोरीचा उपयोग सर्वांत मोठा झाला. दोन खांबांमध्ये सुमारे 30 मीटर नायलॉनची दोरी मुलांच्या कमरेच्या उंचीवर ताणून बांधली आहे. उघड्या मुठीत दोरी धरून धावले तर तळहात भाजतो, म्हणून दोरी बांधण्यापूर्वीच तिच्यात वीतभर पीव्हीसी पाइपाचा तुकडा ओवला. मूल तो तुकडा धरून धावते. शेवटच्या खांबाच्या पाच मीटर अलीकडे जाड गाठ आहे. तिथे तुकडा अडला की थांबायचे, एवढाच नियम. नायलॉन दमट हवेत सैल पडते आणि मधल्या भागात झोळ येतो. तो आला की मूल नकळत दोरीकडे ओढले जाते व पावले वाकडी पडतात; म्हणून तासाआधी मधोमध दोरी दाबून पाहणे आवश्यक आहे.

सहावीतील एक पूर्ण अंध मुलगी सुरुवातीला दुसरा हात पुढे धरून चालत असे. आम्ही आधी तिला संपूर्ण दोरी हाताने चाचपून गाठीपर्यंत नेले, मग चालायला आणि त्यानंतर धावायला सांगितले. गाठ कुठे आहे हे कळल्यावर तिचा पुढचा हात आपोआप खाली आला आणि दोन्ही पाय मोकळे पडू लागले.

सूचनांबाबत एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन: खेळ चालू असताना बोलणारा एकच असावा. आधी मुलाचे नाव, मग दिशा, मग अंतर, जसे ‘सायली, डावीकडे, दोन पावले’. ‘इकडे’, ‘तिकडे’ हे शब्द निरुपयोगी ठरतात, आणि डावे-उजवे नेहमी मुलाच्या अंगाने सांगावे लागते, आपल्या नव्हे. डोळस मुलांच्या टाळ्यांत चेंडूचा आवाज बुडतो, म्हणून टाळ्या चेंडू थांबल्यावरच. हे त्यांच्या अंगवळणी पडायला दिवाळीची सुट्टी उजाडली.