घडीच्या खुर्चीचा तुटलेला रिव्हेट: परत रिव्हेट मारावा की नट-बोल्ट टाकावा?

आधी तुटलेल्या सांध्याचा फोटो काढून त्यात नक्की काय दिसतंय ते ठरवू. डोक्यावर षटकोन किंवा खाच असेल तर तो बोल्ट. गुळगुळीत घुमटी असून मध्ये बारीक भोक किंवा तुटलेल्या खिळ्याचं टोक दिसत असेल तर पॉप रिव्हेट. मागच्या बाजूला कडा गोल वळलेली असेल तर पोकळ रिव्हेट, आणि घडीच्या खुर्चीच्या सांध्यात बहुधा हाच असतो. म्हणून फोटो दोन्ही बाजूंनी, अगदी समोरून काढा. मात्र डोक्याच्या रुंदीवरून आतली दांडी किती जाड आहे ते कळत नाही. भोकच मोजावं लागतं.

माझ्या खुर्चीचं भोक 6 मिमी निघालं. पहिल्यांदा मी हाताशी असलेला 4.8 चा पॉप रिव्हेट मारला. काम दोन मिनिटांत झालं, दिसायलाही छान. पण तो आवळतानाच दोन्ही पाइप एकमेकांवर दाबून धरतो, त्यामुळे खुर्ची उघडताना अडायची. पुढे मोठ्या भोकातली ती बारीक दांडी हलू लागली आणि सांधा लटपटायला लागला. तेही चाललं असतं. खरा वैताग काढताना आला. ड्रिल लावलं की रिव्हेटच बिटासोबत गरगर फिरायचा, कापला काही जाईना. शेवटी निघाला, तोवर भोक लांबट झालं होतं. रिव्हेट सैल झाला तर घट्ट करता येत नाही, फोडावाच लागतो. माझा निर्णय इथेच झाला.

आता तिथे 6 मिमीचा बोल्ट आणि नायलॉक नट आहे. लांबीचा हिशोब असा: 16 मिमीचे दोन पाइप म्हणजे 32, मधला नायलॉनचा वॉशर दीड, बाहेरचे दोन वॉशर मिळून 3.2, नट 6 आणि नटाबाहेर दोन आटे म्हणजे 2. एकूण 44.7, म्हणून 45 चा बोल्ट. पूर्ण आट्यांचा घेऊ नका, आटे पाइपचं भोक कानसासारखं खातात. नट पाइप सहज फिरेल इतपतच आवळा. साधा नट अशा सैलपणात उतरून पडतो, नायलॉकमधली नायलॉनची कडी त्याला जागेवर धरून ठेवते.

जुना नट वापरणार असाल तर जपून. दोन सुती म्हणजे पाव इंची बोल्ट फोटोत 6 मिमीसारखाच दिसतो. बाजूने पट्टी ठेवून फोटो काढा आणि 20 मिमीत आटे मोजा: वीस भरले तर 6 मिमीचा, सोळाच्या आसपास भरले तर बहुधा दोन सुती.

मागच्या बाजूला पाना पोचतच नसेल तर पॉप रिव्हेटला तोड नाही, आणि न हलणारा पत्रा जोडायलाही मी तोच घेईन. फिरणाऱ्या सांध्याला मात्र, माझ्यापुरतं तरी, बोल्टच.