टोकनागणिक व्हेक्टर: आठ महिने वापरल्यानंतर

यंत्रांच्या देखभाल-पुस्तिकांमध्ये शोध घेणारी प्रणाली आमची टीम सांभाळते. आधी एका उताऱ्याला एकच व्हेक्टर होता. 'E-47 दुसरा सेन्सर काढल्यावर' असं विचारलं की हमखास E-42 या दुसऱ्याच एरर कोडचा उतारा वर यायचा. दोन्ही उतारे सेन्सर, वायर आणि रीस्टार्टबद्दलच बोलतात. दोनशे टोकनांचा अर्थ एका व्हेक्टरमध्ये कोंबला की 47 आणि 42 मधला फरक त्यात विरून जातो.

म्हणून कोल्बर्टकडे वळलो. 2020 साली आलेल्या या मॉडेलमध्ये उताऱ्यातल्या प्रत्येक टोकनचा 128 आकड्यांचा वेगळा व्हेक्टर साठवला जातो. क्वेरीतलं प्रत्येक टोकन उताऱ्यात आपला सगळ्यात जवळचा जोडीदार शोधतं आणि त्या साम्यांची बेरीज होते:

```python
score = (Q @ D.T).max(dim=1).values.sum()
```

E-47 ची क्वेरी टोकनवार उघडून बघितली. '47' ला योग्य उताऱ्यात 0.91 मिळाले होते, E-42 च्या उताऱ्यात 0.58. बाकीची टोकनं जवळपास बरोबरीत होती. निकाल या एका टोकनने फिरवला, आणि तो का फिरला हे डोळ्यांनी दिसतं. एका व्हेक्टरच्या पद्धतीत असं उघडून बघायला काही नसतंच.

जागा मात्र भरपूर लागते. 16 बिटमध्ये एका टोकनला 256 बाइट, म्हणजे 180 टोकनांच्या उताऱ्याला सुमारे 46 केबी. कोल्बर्टच्या दुसऱ्या आवृत्तीत पूर्ण व्हेक्टरऐवजी त्याच्या सगळ्यात जवळच्या क्लस्टर-केंद्राचा क्रमांक आणि उरलेला फरक प्रत्येक आकड्याला 2 बिटमध्ये ठेवतात. मग टोकनला 36 बाइट पुरतात आणि तोच उतारा साडेसहा केबीत बसतो. एका व्हेक्टरला, 768 आकडे 32 बिटमध्ये धरले तरी, जेमतेम 3 केबी लागतात.

जागा वाचवायला आम्ही मधला मार्ग काढला: जुन्या इंडेक्समधून पहिले 100 उतारे घ्यायचे आणि फक्त त्यांचेच टोकन-व्हेक्टर क्वेरीच्या वेळी काढून टोकनवार गुण द्यायचे. महिनाभर छान चाललं. मग काही एरर कोड अजिबात सापडेनात. गुण देण्याच्या पद्धतीत दोष शोधण्यात दोन आठवडे गेले. शेवटी पहिल्या टप्प्यातला क्रमांक तपासला, तर योग्य उतारा 140 वा होता! जो शंभरात आलाच नाही त्याला वर कोण आणणार? आता आधी हाच क्रमांक बघतो. एरर कोडच्या क्वेरी मात्र थेट टोकनांच्या इंडेक्सवर सोडतो.

लांबीनेही एकदा चकवलं. ठरलेल्या कमाल लांबीपलीकडची टोकनं इंडेक्स बनवताना गुपचूप कापली जातात. आमच्या लांब उताऱ्यांची शेवटची ओळ, जिथे नेमका उपाय लिहिलेला असतो, इंडेक्समध्ये नव्हतीच. उतारे 150 टोकनांवर तोडले तेव्हा त्या ओळी सापडू लागल्या.

'पंप बंद, वाल्व चालू' आणि 'पंप चालू, वाल्व बंद' यांत मात्र ही पद्धत अजूनही अडखळते. टोकनचे व्हेक्टर संदर्भ पाहून बनत असले तरी प्रत्येक टोकन आपला जोडीदार एकट्याने निवडतं, आणि चारही शब्द दोन्हीकडे आहेतच. अशा क्वेरींसाठी पहिल्या दहा उताऱ्यांवर क्वेरी आणि उतारा एकत्र वाचणारा क्रॉस-एन्कोडर चालवतो.